रुपया बांधा म्हणणाऱ्यांसाठी बँकॉकचा हिशेब

रुपया घसरला की एक मागणी हमखास पुढे येते. २०२५ च्या सुरुवातीला डॉलरने ८७ ओलांडले तेव्हाही ती आली: रुपया एकदाचा डॉलरला बांधून टाका. दाखला असतो दुबईचा. तिथला दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दरावर आहे, तसूभरही हललेला नाही. मग आपणच रोज सकाळी भाव का बघायचा? ही मागणी करणाऱ्यांची अडचण खरी आहे. कच्चा माल बाहेरून आणणारा लघुउद्योजक, मुलीची परदेशातली फी भरणारा बाप, यांना दर महिन्याला बदलणारा आकडा परवडत नाही. त्यांच्या अडचणीबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो त्यांना सुचवल्या जाणाऱ्या उपायाशी आणि त्या उपायामागच्या दोन गृहीतकांशी. पहिले गृहीतक असे की बांधलेला दर म्हणजे स्थैर्य. दुसरे असे की बांधलेले दर तुटतात ते जॉर्ज सोरोससारख्या सट्टेबाजांमुळे, त्यामुळे गंगाजळी भरलेली असली आणि सरकार खंबीर असले की झाले.

दोन्ही चुकीची आहेत, आणि ती चुकीची का आहेत हे थायलंडच्या १९९७ च्या कहाणीइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. गंमत अशी की दुसऱ्या गृहीतकाच्या बाजूने नेहमी हीच कहाणी सांगितली जाते, आणि ती अर्ध्यावर सोडली जाते.

आधी तीन पद्धतींमधला फरक सांगतो, कारण चर्चेत त्यांची सर्रास सरमिसळ होते. तरत्या दरात चलनाचा भाव बाजार ठरवतो. मध्यवर्ती बँक अधूनमधून हस्तक्षेप करते, पण अमुक एका आकड्याचे वचन देत नाही. दुसऱ्या टोकाला पक्का दर आहे. हाँगकाँगमध्ये १९८३ पासून तो आहे: जेवढे हाँगकाँग डॉलर काढायचे, तेवढ्या किमतीचे अमेरिकी डॉलर मागे ठेवायचे, आणि डॉलर बाहेर गेले की स्थानिक पैसा आपोआप आटू द्यायचा. या दोन्हींच्या मधे आहे तो नुसता बांधलेला दर, ज्याला बाजारात पेग म्हणतात. इथे बँक आकड्याचे वचन देते, पण स्थानिक व्याजदर आणि देशातल्या पैशाचा पुरवठाही आपल्या हातात ठेवू पाहते. भांडवलाची ये-जा खुली असेल तर ही दोन कामे एकत्र होत नाहीत. पाठ्यपुस्तकात हा नियम एका वाक्यात संपतो. बँकॉकमध्ये तो खरा ठरायला तेरा वर्षे लागली, म्हणून लोकांना तो नियमच नाही असे वाटू लागले.

१९८४ च्या अखेरीस अवमूल्यन करून थायलंडने आपले चलन, बाथ, अनेक चलनांच्या टोपलीला बांधले. टोपली नावापुरती होती. तिच्यातला सिंहाचा वाटा डॉलरचा होता. त्यामुळे डॉलर म्हणजे साधारण २५ बाथ हे समीकरण वर्षानुवर्षे चालले. १९९३ मध्ये सरकारने बँकॉकमध्ये परदेशी कर्जे आणण्यासाठी खास सुविधा सुरू केली आणि मग डॉलर धो धो आले. का आले, ते एका काल्पनिक कंपनीच्या हिशेबातून पाहू.

बँकॉकमध्ये कार्यालयांची इमारत बांधणारी एक कंपनी घ्या. तिला २५ कोटी बाथ हवेत. देशात कर्ज घेतले तर व्याज १३ टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला सव्वातीन कोटी बाथ. तेच १ कोटी डॉलर बाहेरून ७ टक्क्यांनी घेतले तर व्याज पावणेदोन कोटी बाथ. वर्षाला दीड कोटींची बचत. दर बदलण्याचा धोका? मध्यवर्ती बँकेने वचन दिलेले आहे की दर २५ च राहील. मग या धोक्यासाठी वायदा करार करून वर पैसे मोजणारा व्यवस्थापक मूर्खच ठरला असता. कंपनीचे भाडे बाथमध्ये येणार होते आणि देणे डॉलरमध्ये होते, आणि तरी कोणत्याही बँकेच्या कर्ज विभागाला त्यात वावगे दिसले नाही. देशभरच्या कंपन्यांनी आणि त्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी हेच केले. दर बांधल्याने विनिमयाचा धोका नाहीसा झाला नव्हता. तो हजारो खातेवह्यांमध्ये, कोणालाही एकत्र दिसणार नाही अशा रीतीने, साचत होता. आणि साचवण्याचे कारण खुद्द ते वचनच होते. स्थैर्याच्या नावाने पेग मागणाऱ्यांनी या मुद्द्याचे उत्तर आधी द्यावे.

मग बाहेरची हवा पालटली. एप्रिल १९९५ मध्ये एका डॉलरला ८० येन मिळत होते. दोन वर्षांत हा आकडा १२० च्या पुढे गेला. डॉलर वधारला तसा त्याला बांधलेला बाथही वधारला, बँकॉकने काहीही न करता. चीनने १९९४ मध्येच आपला अधिकृत दर उतरवला होता. थायलंडची निर्यात १९९५ मध्ये वीस टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती. १९९६ मध्ये ही वाढ जवळजवळ थांबली. चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. ती भरून निघत होती अल्प मुदतीच्या परदेशी कर्जांनी. फेब्रुवारी १९९७ मध्ये सोमप्रसोंग लँड ही बांधकाम कंपनी आपल्या परदेशी रोख्यांचा हप्ता भरू शकली नाही. रिकाम्या इमारतींमागची कर्जे बुडीत आहेत हे त्यातून उघड झाले. ज्यांची ही कर्जे होती त्या वित्तसंस्थांमधून ठेवीदार पैसे काढू लागले.

इथे मध्यवर्ती बँक कात्रीत सापडली, आणि पेग तुटण्याची खरी यंत्रणा इथूनच सुरू होते. चलन वाचवायचे तर व्याजदर चढवावे लागतात, म्हणजे बाथ हातात धरणाऱ्याला मोबदला मिळतो आणि बाथ उधार घेऊन विकणाऱ्याला ते महाग पडते. पण व्याजदर चढवले तर आधीच डबघाईला आलेल्या वित्तसंस्था आठवड्यात कोसळतात. त्यांना वाचवायचे तर त्यांना बाथ पुरवावे लागतात, आणि पुरवलेले बाथ दुसऱ्या दारातून बाहेर पडून डॉलर विकत घेतात. थायलंडने वित्तसंस्थांना पैसे पुरवले आणि दरही धरून ठेवला. यातले एक सोडले असते तर दुसरे कदाचित टिकले असते.

दोन्ही धरून ठेवता आले ते एका खुबीमुळे. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण ‘गंगाजळी भरपूर आहे’ हे वाक्य तिच्यामुळेच फसवे ठरते. समजा बाजारात १० कोटी डॉलरची मागणी आली आणि मध्यवर्ती बँकेने ते २५ च्या दराने विकले. गंगाजळी १० कोटींनी घटली आणि बाजारातून २५० कोटी बाथ बँकेकडे परत आले. बाजारात बाथची टंचाई झाली, व्याज चढू लागले. हाच तो आपोआपचा ब्रेक, जो हाँगकाँग लागू देते. बँकॉकने तो लागू दिला नाही. बँकेने त्याच दिवशी स्वॅप केला: एखाद्या व्यापारी बँकेला २५० कोटी बाथ दिले, तिच्याकडून १० कोटी डॉलर घेतले, आणि तीन किंवा सहा महिन्यांनी ते डॉलर ठरलेल्या दराने परत करण्याचे वचन दिले. आता ताळेबंद पाहा. डॉलर परत आले, गंगाजळी होती तेवढीच. बाथही बाजारात परत गेले, व्याज होते तिथेच. वचन मात्र ताळेबंदाबाहेर. प्रत्यक्षात बँक १० कोटी डॉलर गमावून बसलेली आहे. फक्त ते द्यायची तारीख पुढे गेली आहे.

हे एकदा नव्हे, महिनोन्महिने चालले. १९९६ च्या अखेरीस गंगाजळी ३८.७ अब्ज डॉलर होती. जून १९९७ संपताना जाहीर आकडा ३२ अब्जांच्या आसपास होता. बाहेरून पाहणाऱ्याला सहा महिन्यांत सहा अब्जांची घट दिसत होती, जी चिंतेची असली तरी जीवघेणी नव्हती. वायद्याने दिलेली वचने वजा केली तर हाती तीन अब्जांहूनही कमी उरले होते. पुढे थायलंडने नेमलेल्या चौकशी समितीने हा सगळा हिशेब मांडला. नाणेनिधीच्या दबावाखाली ऑगस्टमध्ये बँकेने त्या वेळी शिल्लक असलेली २३.४ अब्ज डॉलरची वायद्याची देणी जाहीर केली, तोवर ती जगाला ठाऊक नव्हती.

आता सट्टेबाजांकडे वळतो. त्यांनी पैज लावली होती यात शंका नाही, आणि ती एकतर्फी होती हेही खरे. बाथ उधार घेऊन विकणाऱ्याला व्याजातला फरक सोसावा लागतो; तो वर्षाला ७ टक्के धरला तर डॉलरमागे महिन्याला जेमतेम १५ सतांग, म्हणजे बाथचा सातवा हिस्सा. पेग टिकला तर एवढेच जाणार. डॉलर २५ वरून ३० वर गेला तर प्रत्येक डॉलरमागे पाच बाथ मिळणार. अशी पैज जगात कोणीही घेईल. पण ती इतकी स्वस्त कोणी केली? बाथ मुबलक ठेवून व्याज चढू न देणाऱ्या बँकेनेच. तरता दर असता तर २७, २८, २९ असे टप्पे आधीच आले असते, आणि पुढच्या माणसाला डॉलर महागात घ्यावा लागला असता; पडझडीतून कमावण्यासारखे फार उरलेच नसते.

आणि आता कहाणीचा तो भाग, जो सोरोसचे नाव घेणारे सांगत नाहीत. १४ मे १९९७ ला मोठा हल्ला झाला. त्या एका दिवसात बँकेने सुमारे १० अब्ज डॉलर ओतले. दुसऱ्याच दिवशी तिने देशातल्या बँकांना सांगितले की परदेशी मंडळींना बाथ उधार द्यायचे नाहीत. ज्यांनी बाथ विकून ठेवले होते त्यांना ते परत करायला बाथ मिळेनात. सिंगापूर आणि हाँगकाँगच्या बाजारात बाथच्या रात्रीच्या उधारीचे व्याज वार्षिक शेकडो टक्क्यांवर गेले. हेज फंडांनी त्या काही आठवड्यांत जबर तोटा सोसून माघार घेतली. सट्टेबाज हरले. पेग टिकायला हवा होता.

तो ४८ दिवस टिकला. १९ जूनला अर्थमंत्री अम्नुए विरावन यांनी राजीनामा दिला. २७ जूनला १६ वित्तसंस्थांचे व्यवहार थांबवण्यात आले. ३० जूनला पंतप्रधान चवलित योंगचाययुत यांनी अवमूल्यन होणार नाही असे देशाला सांगितले आणि २ जुलैच्या सकाळी बाथ तरता झाला. मेनंतर डॉलर मागायला कोण येत होते? परदेशी सट्टेबाजांची दारे तर बंद केली होती. येत होत्या त्या डॉलरमध्ये कर्ज काढून बसलेल्या थाई कंपन्या आणि थाई बँका. त्यांना कळून चुकले होते की वचन मोडणार, आणि जो आधी डॉलर घेईल तो वाचेल. नाणेनिधीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेज फंडांचा थेट वाटा बँकेच्या वायद्याच्या देण्यांच्या पाव हिश्श्याच्या आसपासच निघाला. उरलेले बव्हंशी सामान्य व्यापारी व्यवहार होते, आपापले नुकसान टाळणाऱ्यांचे. त्यांना देशद्रोही ठरवायचे असेल तर त्यांना वर्षानुवर्षे निर्धास्त ठेवणाऱ्या धोरणाला काय म्हणायचे? मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी १९९७ च्या सप्टेंबरात सट्टेबाजांवर जाहीर तोफ डागली. तेव्हापासून हीच मांडणी पुन्हापुन्हा वापरली जाते, कारण ती सगळ्या सत्ताधाऱ्यांना सोयीची आहे.

त्या इमारतवाल्या कंपनीकडे परत येऊ. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५६ बाथपर्यंत गेला. तिचे २५ कोटींचे कर्ज ५६ कोटींचे झाले, इमारत तीच आणि भाडे कमी झालेले. वर्षाला दीड कोटी वाचवण्यासाठी घेतलेल्या कर्जाने सहा महिन्यांत ३१ कोटी वाढवले. वीस वर्षांच्या बचतीपेक्षा जास्त. असे सर्वत्र घडले. एकूण ५८ वित्तसंस्था थांबवल्या गेल्या, डिसेंबरात त्यांतल्या ५६ कायमच्या बंद झाल्या. नाणेनिधीच्या पुढाकाराने १७.२ अब्ज डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. गावाकडून बँकॉकला आलेले बांधकाम मजूर परत गावी गेले. त्यांच्यापैकी कोणी डॉलरमध्ये कर्ज काढले नव्हते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. तिची निर्यात याच पूर्व आशियात जात होती, म्हणजे गिऱ्हाईकच कोसळले होते. पण १९८३ पासून तिचे चलन तरते होते. १९९७ च्या मध्यापासून साधारण वर्षभरात ऑस्ट्रेलियन डॉलर सुमारे ७५ अमेरिकी सेंटवरून ६० च्या खाली आला. वर्तमानपत्रांत काहूर माजले. अर्थव्यवस्था मात्र वाढत राहिली. निर्यातदारांना आशियातले गिऱ्हाईक गेले तर अमेरिका-युरोपात स्वस्त भावाने माल विकता आला, आणि दर हलतो हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या कंपन्यांनी आपली परदेशी देणी बव्हंशी आधीच झाकून ठेवली होती. मुळात रोज थोडे हलणारे चलन लोकांना सावध ठेवते, आणि वर्षानुवर्षे न हलणारे चलन त्यांना बेसावध करते. घसरण दोन्हीकडे झाली. एकीकडे ती धक्का पचवण्याचे साधन ठरली, दुसरीकडे तीच धक्का ठरली.

मग हाँगकाँग आणि दुबई कसे टिकले? टिकले, कारण ते दुसऱ्या कुणाकडून तरी किंमत वसूल करू शकतात आणि ती वसूल करायला कचरत नाहीत. ऑक्टोबर १९९७ मध्ये हाँगकाँगवर हल्ला झाला तेव्हा एका रात्रीचे व्याज वार्षिक २८० टक्क्यांपर्यंत गेले, आणि अधिकाऱ्यांनी ते जाऊ दिले. चलन वाचले. पुढच्या काही वर्षांत घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या, पगार आणि भाव वर्षानुवर्षे घसरत राहिले. जे समायोजन दराने एका झटक्यात झाले असते ते लोकांच्या घरांमधून आणि पगारांमधून सावकाश झाले. दिरहमच्या मागे तेलाचे डॉलर आणि प्रचंड राखीव निधी आहेच, पण आणखी एक गोष्ट आहे जी आपल्याकडे रत्नागिरी-रायगडच्या घराघरांत ठाऊक आहे. तिथली बहुसंख्य कामकरी माणसे बाहेरची आहेत. मंदी आली की त्यांचा व्हिसा संपतो आणि ती मायदेशी परततात. २००९ मध्ये दुबईतले बांधकाम थांबले तेव्हा दिरहम हलला नाही, माणसे हलली. भारताला आपली बेकारी कोणत्या विमानात बसवून कुठे पाठवता येणार आहे?

आपला स्वतःचा अनुभवही विसरण्याइतका जुना नाही. १९७५ पासून रुपया टोपलीला बांधलेला होता. जुलै १९९१ मध्ये दोन हप्त्यांत अवमूल्यन करावे लागले आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने मुंबईतून सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण पाठवले. त्या वेळी कोणी सोरोस रुपयावर पैज लावत नव्हता. भांडवलाची दारे तर बंदच होती. निर्यातदार आपले डॉलर उशिरा आणत होते, आयातदार घाईने नेत होते, अनिवासी भारतीय ठेवी काढत होते. पेग तुटायला एवढे पुरते. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोडला, आणि तेव्हापासूनच्या तीन दशकांत रुपया कितीतरी पडला, तरी सोने गहाण ठेवायची वेळ आलेली नाही.

आजची काळजी वेगळी आहे, आणि ती ‘दर बांधा’ म्हणणाऱ्यांच्या नेमकी उलट आहे. डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळात रुपया इतक्या अरुंद पट्ट्यात राहिला की नाणेनिधीने भारताच्या दरपद्धतीचे वर्गीकरण बदलून तिला ‘स्थिर राखलेली’ म्हटले. रिझर्व्ह बँकेने ते मान्य केले नाही. तिचे म्हणणे, हा नुसता चढउतार कमी करण्याचा हस्तक्षेप आहे. हस्तक्षेपाला माझा विरोध नाही. एखाद्या दिवशी घाबरलेल्या बाजाराला दोन अब्ज डॉलर पुरवणे वेगळे, आणि अमुक आकडा ओलांडू देणार नाही अशी समजूत महिनोन्महिने रुजू देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात वचन शब्दांत दिलेले नसले तरी परदेशी कर्ज काढणारा वित्त व्यवस्थापक ते ऐकतो, आणि वायद्याचा खर्च वाचवतो. बँकॉकमध्ये हेच झाले होते.

आपल्याकडे एक गोष्ट थायलंडहून निश्चित चांगली आहे: रिझर्व्ह बँक आपली वायद्याची देणी दर महिन्याला स्वतः प्रसिद्ध करते. पण बातम्यांमध्ये दर शुक्रवारी येतो तो गंगाजळीचा ढोबळ आकडा, आणि वाहिन्यांवरची चर्चा त्यावरच संपते. ‘एवढे अब्ज आहेत, मग दर बांधायला काय हरकत’ असे म्हणणाऱ्याला तिथेच तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. त्या आकड्यातून वायद्याने विकलेले डॉलर वजा केले का? पुढच्या वर्षभरात फेडायच्या परदेशी कर्जाशी उरलेल्या आकड्याची तुलना केली का? १९९७ च्या मध्याला परदेशी बँकांचे थायलंडकडचे अल्प मुदतीचे येणे गंगाजळीच्या जवळपास दीडपट होते. आणि तिसरी, जिचे उत्तर कोणत्याही तक्त्यात मिळत नाही: दर वाचवण्यासाठी व्याज दुप्पट करायची वेळ आली, तर पुण्या-नाशिकचा गृहकर्जदार आणि इचलकरंजीचा यंत्रमागवाला ते किती आठवडे सोसेल, आणि त्याला ते सोसायला लावणारे सरकार किती आठवडे टिकेल? चलनावर पैज लावणारे हाच हिशेब सर्वात आधी मांडतात.